पट्टीने मारलेली रेघ

सुगंधाबाई परब भांडुपला टेंभीपाड्यात आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत बावीस वर्षं गणिताच्या शिकवण्या घेत होत्या, आणि या बावीस वर्षांत त्यांनी 'माझं चुकलं' असं कुणापुढे म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. स्वभावच तसा. पोरं त्यांना टरकून असायची आणि आईबाप खूश असायचे. वहीत गिरगटलेलं त्यांना खपत नसे. चुकलं तर त्यावर पट्टीने एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, असा दंडक होता.

त्यांचा हातखंडा विषय म्हणजे कंसांची उदाहरणं. भल्याभल्यांची जिथे वाट लागते तिथे बाईंची पोरं पक्की. "कंसाच्या दारात वजा उभा आहे का? मग आत शिरायच्या आधी त्याच्याकडे बघा. आतल्या सगळ्यांची चिन्हं फिरणार!" हे त्या इतक्या वेळा ओरडत की शेजारच्या सुताराच्या बायकोलाही पाठ झालं होतं. आणि भिंतीवर खडूने कायमचं लिहिलेलं असे: कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. याच क्रमाने जायचं, एक पाऊल इकडेतिकडे नाही.

या वर्षी त्यांचा जीव एका पोरीत अडकला होता. रेवती धोंडिराम घाडी. डोंगराच्या उतारावरचं तिचं घर पाडलं गेलं आणि कुटुंबाला माहुलला, रिफायनऱ्यांच्या शेजारी, खोली मिळाली. तिथली हवा पोरीला सोसेना. दोन जिने चढली की धाप, रात्री उशाशी दम्याचा पंप. तरी दर शनिवार-रविवारी धोंडिराम तिला दोन बस बदलून बाईंकडे आणायचा. मुलुंडच्या एका ट्रस्टची डोंगरात निवासी शाळा होती, सातवीपासून, सगळं मोफत. परीक्षा सहावी संपताना, एकदाच. डॉक्टर म्हणाले होते, पोरीला माहुलमधून हलवा. हलवायला दुसरी जागा होती कुठे?

निकाल लागला. चौऱ्याऐंशीवर यादी थांबली आणि रेवतीला ब्याऐंशी. दोन गुण, म्हणजे एक प्रश्न.

बाईंनी उत्तरसूची आणि रेवतीची खुणा केलेली प्रश्नपत्रिका शेजारीशेजारी ठेवून एकेक उत्तर ताडून पाहिलं. सतराव्या प्रश्नाशी आल्या आणि तिथेच भडकल्या.

−20 − [6 − (9 − 4 + 3)] = ?

सूचीत उत्तर −18. रेवतीचं −24. बाईंनी स्वतः सोडवलं. आधी बेरीज, चार अधिक तीन सात. नऊ वजा सात दोन. सहा वजा दोन चार. वजा वीस वजा चार, वजा चोवीस. "सूचीच चुकीची आहे!" त्या धोंडिरामला फोनवर म्हणाल्या. "उद्या जायचं. पोरीची जागा मी घेऊनच येते, बघ तू." मागच्या पानावरचं रेवतीचं कच्चं काम त्यांनी उलटून पाहिलंही नाही. गरजच काय होती?

मुलुंडचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. रेवतीला खाली वॉचमनच्या खुर्चीत बसवून दोघं वर गेले. आक्षेप ऐकायला सुबोध नावाचा शिक्षक बसला होता, जेमतेम तिशीचा. त्याने कागद ओढला, शांतपणे.

"बाई, बसमध्ये नऊ माणसं आहेत. चार उतरली, तीन चढली. किती राहिली?"

"आठ," बाई म्हणाल्या.

"मग नऊ वजा चार अधिक तीन, हे दोन कसं होईल? बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवरच्या. डावीकडून जी आधी येईल ती आधी. गुणाकार-भागाकाराचंही तसंच. तुम्हाला बेरीजच आधी करायची असली तर करा, पण चारामागचा वजा चाराबरोबर न्या. वजा चार अधिक तीन, वजा एक. नऊ वजा एक, आठच. मग सहा वजा आठ, वजा दोन. आणि वजा वीसमधून वजा दोन वजा केले की..."

"वजा अठरा," बाई म्हणाल्या. शेवटचं चिन्ह त्यांनी बरोबर फिरवलं होतं. आयुष्यभर दारातल्या वजावर पहारा दिला आणि आत चारामागे उभा असलेला त्यांना दिसलाच नव्हता.

"ते कंचेभागुबेव बरेच जण असं शब्दशः घेतात," सुबोध म्हणाला. "बेरीज वजाबाकीच्या आधी असली की फरक पडत नाही, म्हणून कळत नाही."

धोंडिराम टेबलावर वाकला. "सायेब, बाई सांगतत ता खोटा कसा असतला? बावीस वर्सां शिकवतत. नीट बघा ना परत!"

त्याचा तो विश्वास बाईंना ऐकवेना. एखाद्याने तोंडात मारलेली बरी. त्यांनी काहीतरी हाताला हवं म्हणून प्रश्नपत्रिका उलटली, आणि सतराव्याचं कच्चं काम समोर आलं. बारीक, नेटकं अक्षर. 9 − 4 = 5. 5 + 3 = 8. 6 − 8 = −2. −20 + 2 = −18. त्या सगळ्यावर पट्टीने मारलेली एक सरळ रेघ. आणि खाली नवीन मांडणी: बेरीज आधी. 4 + 7... तिथेही चुकून सात लिहिलेला, परत रेघ, मग 4 + 3 = 7.

"हे बघा ना," बाई कशाबशा म्हणाल्या. "तिला आलं होतं. रेघेखाली आहे उत्तर."

सुबोधने पाहिलं. "उत्तरपत्रिकेवर भरलेला गोलच धरतात बाई. माझ्या हातात नाही."

"पुढल्या वर्षी?"

"वयाची अट आहे. आणि प्रवेश सातवीलाच."

दोघं जिना उतरले. धोंडिरामला गणितातलं एवढंच कळलं होतं की जागा गेली. खाली रेवती उठून उभी राहिली तशी त्याचा राग तिच्यावर निघाला. "बाईंनी घोटून घोटून शिकवलेला विसारलंस मा? एका चुकीन गेला सगळा!"

"धोंडिराम, तिला बोलू नकोस." बाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "ती नाही चुकली. मी चुकीचं शिकवलं. माझं चुकलं."

त्याने रेवतीला परत खुर्चीत बसवलं. आपल्यावर रागावला असता तरी बाईंना बरं वाटलं असतं.

रेवती हातातली पट्टी बोटांनी फिरवत होती. "बाई, मला पहिलं वजा अठराच आलेलं," ती हळूच म्हणाली. "तीनदा केलं, तीनदा तेच. मग म्हटलं, बाईंचं चुकणार नाही, माझंच चुकतंय. म्हणून मी नीट रेघ मारली."

एवढं बोलून तिला धाप लागली. धोंडिरामने खिशातून पंप काढून तिच्या हातात दिला आणि माहुलची बस कुठून सुटते ते वॉचमनला विचारायला गेला.