कोंडूकाकांनी बॅटरी रंगवली

धसईच्या अलीकडच्या माळावर विजेचं एक छोटं उपकेंद्र आहे. तिथल्या कंट्रोल रूममध्ये रुपाली मेंगाळ ऑपरेटर होती. तीन वर्षांपूर्वी ती आली, तेव्हा तिथले जुने मदतनीस कोंडूकाका तिला म्हणाले होते, "पोरी, हिकडं दोनच कामं. रीडिंग लिवायची आन गप बसायचं." रुपाली रीडिंग लिहायची. गप मात्र बसायची नाही.

त्या सोमवारी मोठे साहेब यायचे होते. खासनीस साहेब ठाण्याहून येणार आणि 'सर्वांत देखणं उपकेंद्र' निवडणार, असा निरोप होता. तिथल्या इंजिनियर जगदीश साहेबांनी तो निरोप इतका मनावर घेतला की चार दिवस सगळे चुन्याने आणि रंगाने माखले. झाडांना चुना लागला. दगडांना गेरू लागला. फाटकावर कमान उभी राहिली. तिला चांदीसारख्या चकचकीत कागदाच्या लांबलांब झिरमिळ्या लावल्या. दिनेश लाइनमनला हार-नारळ आणायला धसईच्या बाजारात पाठवलं. अवजारांचा पसारा दिसू नये म्हणून तो सगळा स्टोअरमध्ये कोंडला, आणि स्टोअरची किल्ली दिनेशच्या खिशात राहिली.

रुपालीने कमानीकडे बघून सांगितलं होतं, "साहेब, ह्या झिरमिळ्या धसईच्या लाइनीखालीच हायेत. वारा सुटला तर वर जातील."

"अगं, शोभा आहे ती," जगदीश साहेब म्हणाले. विषय संपला.

कोंडूकाकांच्या वाट्याला बॅटरीची खोली आली होती. आता ही बॅटरी म्हणजे टॉर्चमध्ये घालतात ती नव्हे. दोन-दोन व्होल्टच्या पंचावन्न सेल एकापाठोपाठ एक जोडलेल्या, एकशेदहा व्होल्टच्या. लाइनीवर झाड पडलं, तार तुटली, की पहाऱ्यावरचा रिले ते ओळखतो, बॅटरीचा डीसी करंट ब्रेकरच्या, म्हणजे लाइनीच्या मोठ्या स्विचच्या, ट्रिप कॉइलमध्ये जातो आणि ब्रेकर खटकन उघडून लाइन तोडतो. बॅटरी नसली तर रिले ओरडतही नाही आणि ब्रेकर हलतही नाही. शेजारी चार्जर असतो. तो एसीवरून बॅटरी भरतो आणि पॅनेलवरचे रोजचे दिवेही तोच पेलतो.

कोंडूकाकांनी बॅटरी हिरवी केली. ऑइलपेंटचा उरलेला डबा होता. रॅक हिरवा, झाकणं हिरवी, सेलना जोडणाऱ्या पट्ट्या हिरव्या. एका ठिकाणी तर त्यांनी जीव ओतला. सत्तावीस आणि अठ्ठावीस नंबरमधली पट्टी खोलली, तिच्या खालूनही ब्रश फिरवला, आणि ओल्या रंगावरच पुन्हा आवळून बसवली. सगळ्याच पट्ट्या तशाच करायच्या होत्या, पण तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. चार्जरचा स्विचही त्यांनी हिरवा केला आणि स्वतःची करंगळीही.

साहेब अकराला आले. कमानीखालून गेले, झिरमिळ्यांकडे बघून "वा!" म्हणाले. कंट्रोल रूममध्ये सगळे ब्रेकर रांगेत उभे. प्रत्येकावर ट्रिप सर्किट ठीक असल्याचा पांढरा दिवा. हा दिवा सतत बघत असतो की डीसी पुरवठ्यापासून ट्रिप कॉइलपर्यंतची वाट तुटलेली नाही ना.

"सगळे पेटलेत," साहेब खूश झाले. "बॅटरी किती दाखवतेय?"

"एकशेतेवीस व्होल्ट, सर!" जगदीश साहेबांनी मीटरकडे बोट केलं.

"छान. मग आता खरी परीक्षा. चार्जर बंद करून बघूया, बॅटरी एकटी पेलते का."

रुपालीला हे साहेब एकदम आवडले. तीन वर्षांत कोणी असं विचारलं नव्हतं. साहेबांनी स्वतःच चार्जरच्या स्विचला हात घातला. रंगाने तो चिकटला होता. साहेबांनी जोर लावला. स्विच फिरला, आणि त्याची मूठ साहेबांच्या हातात आली.

त्याच क्षणी सगळे पांढरे दिवे गेले. हिरवे गेले, लाल गेले, रिलेंचे पडदे काळे झाले. डोक्यावरचे पंखे मात्र फिरतच होते, कारण ते एसीवर.

कोपऱ्यातून "फर्र... फर्र..." असा आवाज यायला लागला. डीसी गेल्याची घंटा होती ती. हीही एसीवर चालते. कोंडूकाकांनी दुपारच्या झोपेसाठी तिच्यात पंचा कोंबला होता.

"काय झालं?" साहेब हातातल्या मुठीकडे बघत म्हणाले.

"सर," जगदीश साहेब पांढरेफटक पडले, "सगळ्या ट्रिप कॉइल एकदम जळाल्या असतील!"

"सगळ्या एकदम कशा जळतील, साहेब?" रुपाली म्हणाली. "एक दिवा गेला तर त्या ब्रेकरची कॉइल, नायतर प्लग, नायतर वायर. सगळे एकदम गेले म्हंजे डीसीच गेला."

"पण मीटर एकशेतेवीस दाखवत होता!"

"तो चार्जर दाखवत होता. बॅटरी मागं बसून हुती."

साहेबांनी चार्जरकडे बघितलं. मूठ परत बसवून फिरवायचा प्रयत्न केला, ती नुसती गोल गोल फिरली. "पकड आणा. दांडा पकडीने फिरवू."

"पकड स्टोअरमधी," कोंडूकाका म्हणाले.

"मग स्टोअर उघडा."

"किल्ली दिनेशकडं."

"आणि दिनेश?"

"तुमच्यासाठी नारळ आणाया गेलाय, साहेब."

घंटेची फर्रफर्र चालू होती. रुपालीने खिडकीतून बाहेर बघितलं. सिद्धगडाकडून वारा सुटला होता. कमानीची एक झिरमिळी सुटून वर वर चालली होती, धसईच्या तारांकडे.

एरवी झिरमिळी दोन तारांवर पडली असती, ठिणगी उडाली असती, ब्रेकर उघडला असता. आता रिले मेलेले. इथलं काहीच उघडलं नसतं. फॉल्ट ट्रान्सफॉर्मरने सोसला असता, तो जळला नसता तर मागच्या मोठ्या केंद्रातून सगळीच लाइन गेली असती, आणि अर्धा मुरबाड तालुका 'सर्वांत देखण्या उपकेंद्रा'च्या नावाने बोंबलला असता.

ती धावली. धसईच्या ब्रेकरचं पुढचं दार उघडलं. आत लाल बटण असतं, हाताने दाबायचं. त्याला डीसी लागत नाही, आत ताणलेल्या स्प्रिंगच्या जोरावर ब्रेकर उघडतो. तिने अंगठा दाबला. खट्ट! ब्रेकरच्या काचेमागचा पत्रा 'लाइन बंद'वर आला.

झिरमिळी तारांवर पडली, दोन तारांना चमकदार गळ्यातल्यासारखी अडकली आणि नुसतीच फडफडत राहिली. काही झालं नाही.

 कंट्रोल रूममधला फोन वाजला. साहेबांनीच उचलला.

"हॅलो! कोन बोलतंय?" धसईच्या गिरणीवाल्या जनाबाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला. "अर्धी नाचणी दळलीय, अर्धी डब्यात अडकलीय! गिऱ्हाईक उभं हाय!"

"मी अधीक्षक अभियंता—"

"कुनीबी असा! लाइट कवा येनार?"

साहेबांनी फोन रुपालीकडे दिला. "आत्या, अर्धा तास," ती म्हणाली. "लाइनीवर सामान पडलंय, काढतो." मग तिने मागच्या केंद्राला फोन करून सांगितलं, "आमचा डीसी गेलाय, आमच्याकडं प्रोटेक्शन नाय, तुमी लक्ष ठेवा."

मल्टिमीटर तेवढा तिच्या स्वतःच्या पिशवीत होता. ती बॅटरीच्या खोलीत गेली. मागून दोन्ही साहेब. त्यांच्या मागून, जरा अंतर ठेवून, कोंडूकाका.

एकेका सेलवर मीटर लावला. दोन व्होल्ट आणि थोडे वर. सगळ्या ठणठणीत. मग तिने पट्ट्यांवर लावायला सुरुवात केली. एका टोकाला मीटरची एक काडी, दुसऱ्या टोकाला दुसरी. रंग खरवडून मीटर टेकवायचा. शून्य. शून्य. शून्य. सत्तावीस आणि अठ्ठावीसच्या मध्ये आली, आणि मीटरवर एकशेपंधरा उमटले.

"सगळी बॅटरी हितं अडकून हाय," ती म्हणाली. "वाट तुटली की तुटल्या जागी सगळं व्होल्टेज दिसतं."

साहेबांनी वाकून बघितलं. "ही पट्टी फार हिरवी दिसते."

"खालूनबी हाय," कोंडूकाका हळूच म्हणाले.

"खालून कशाला रंगवली?"

"साहेब, तुमी वाकून बघितलं असतंत तर?"

साहेब खरोखरच वाकलेले होते. ते चटकन सरळ झाले.

तेवढ्यात दिनेश आला, हातात दोन हार आणि पाच नारळ. त्याच्या खिशातून किल्ली काढली, स्टोअर उघडलं. चार्जरचा दांडा पकडीने फिरवला. दिवे पेटले, सगळ्या अलार्मनी एकदम आरडाओरडा केला, आणि जगदीश साहेब दचकून एका नारळावरच बसले. पट्टी खोलायच्या आधी रुपालीने दुसऱ्या जाड केबलने ती जागा जोडून घेतली, म्हणजे बॅटरी क्षणभरही तुटू नये. मग पट्टी काढली, कानस आणि पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासून रंगाखालचं शिसं चकचकीत केलं, पेट्रोलियम जेलीचा हलका हात दिला आणि आवळून बसवली. दिनेशने तोवर धसईची लाइन दोन्हीकडून अलग केली, तारा जमिनीला जोडून अर्थ केल्या आणि झिरमिळ्या उतरवल्या. उरलेल्याही कमानीवरून काढून टाकल्या. कोणी हरकत घेतली नाही.

धसई पुन्हा चालू झाली. लाल दिवा लागला, शेजारी पांढराही.

"आता पुन्हा," साहेब म्हणाले. "पकड द्या."

चार्जर बंद झाला. सगळ्यांनी श्वास धरला. दिवे तसेच राहिले. मीटर जरा उतरून एकशेबारावर थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दिवे हलले नाहीत.

"बॅटरी पेलतेय!" साहेब लहान मुलासारखे हरखले. "पण नुसते दिवे म्हणजे काही नव्हे. ट्रिप कॉइलला ओढ मोठी लागते. ब्रेकर उघडतो का तेही बघायला हवं."

"हो साहेब, त्यासाठी ब्रेकर आधी लाइनीपासून मागं टेस्टला ओढून—" रुपालीने सांगायला तोंड उघडलं.

पण तोवर साहेबांनी समोरचा स्विच पिळला होता. चार्जरशिवाय, नुसत्या बॅटरीवर, ब्रेकर झक्क उघडला. खट्ट! साहेबांनी दोन्ही हात वर केले. दिनेशने टाळ्या वाजवल्या. जगदीश साहेबांनीही वाजवल्या.

"साहेब," रुपाली म्हणाली, "ती धसई हुती. चालू हुती."

साहेबांचे हात वरच राहिले. फोन वाजायला लागला. या वेळी कोणीच पुढे झालं नाही. सगळ्यांनी कोंडूकाकांकडे बघितलं. काकांनी हिरव्या करंगळीसकट रिसीव्हर उचलला आणि कानापासून हातभर लांब धरला.

"जनाक्का," ते म्हणाले, "लाइट आता आलीच समज. साहेब स्वतः चालू करतायत."