उत्तरं बरोबर, चित्रं चूक

सर्वेअरला संध्याकाळी स्टाफरूममध्ये बोलावणं आलं, तेव्हा त्याला वाटलं, वर्कशीटवर सही मिळणार. केस विंचरून गेला. आत काटकोन सर बसले होते. हे सर खुर्चीतसुद्धा असे ताठ बसत, की पाठ आणि मांडी यांत गुण्या ठेवून बघावा. म्हणून पोरांनी त्यांना ते नाव दिलं होतं. टेबलावर सर्वेअरचा ग्राफ पेपर होता आणि त्यावर लाल शाईच्या इतक्या फुल्या होत्या, की कागद गोवर आल्यासारखा दिसत होता.

"बसा," काटकोन सर म्हणाले. "मॅडम येतायत. त्यांच्यासमोरच बोलू."

मॅडम म्हणजे सर्वेअरची बायको.

हे प्रकरण मुळातच अवघड होतं. सर्वेअरनं अर्धं आयुष्य तिपाईवर दुर्बीण ठेवून जमिनी मोजण्यात घालवलं होतं. आता डिप्लोमा केला तर ऑफिसात बढती होती, म्हणून त्यानं संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. पहिल्या दिवशी गणिताच्या तासाला दार उघडून आत आली ती सकाळी डबा देताना "लवकर या" म्हणणारी बाई. वर्गातल्या पोरांनी त्या दिवसापासून त्याला 'घरजावई' म्हणायला सुरुवात केली. त्याचा अर्थ कुठूनही लागत नव्हता, पण पोरांच्या तोंडी ते नाव बसलं.

मॅडमनं घरी त्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "हे बघा, त्या इमारतीच्या फाटकापासून मी तुमची कुणी नाही. आणि घरी आल्यावर मी कुणाची मॅडम नाही. वही घेऊन स्वयंपाकघरात आलात तर कांदे चिरायला देईन."

तो गेला होता एकदा. कांदे चिरून परत आला.

त्याचे पेपर तिनं तपासायचे नाहीत, हेही ठरलेलं होतं. ते काम काटकोन सरांकडे. संमिश्र संख्यांच्या धड्याची वर्कशीट 'चित्रं पुन्हा काढा' एवढाच शेरा घेऊन दोनदा परत आली होती आणि आज तिसरी खेप. ज्याच्या वर्कशीटवर सही नाही, त्याला परीक्षेला बसता येत नव्हतं. सर्वेअरनं मनाशी ठरवलं होतं, यंदा नाही तर कधीच नाही. एवढ्या वयात पुन्हा त्याच बाकावर बसून 'घरजावई' ऐकायची त्याची तयारी नव्हती. हे त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं. तिला माहीत होतं.

मॅडम आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"मॅडम, स्पष्ट बोलतो, राग मानू नका," काटकोन सर म्हणाले. "यांची उत्तरं सगळी बरोबर आहेत. मॉड्युलस बरोबर, कॉन्ज्युगेट बरोबर, पोलर फॉर्म बरोबर. एकही चूक नाही."

"मग?" मॅडम म्हणाल्या.

"आणि चित्रं जवळजवळ सगळी चूक. हे बघा."

काटकोन सरांकडे एक पारदर्शक प्लास्टिकचा कागद होता. त्यावर त्यांनी सगळे बिंदू आधीच काढून ठेवले होते. पोराचा ग्राफ पेपर खाली ठेवायचा, वर प्लास्टिक, बिंदूवर बिंदू बसला की झालं. त्यांनी प्लास्टिक सर्वेअरच्या कागदावर ठेवलं. बिंदू कुठल्या कुठे. फक्त दोन अधिक दोन आय एवढा एकच बिंदू बरोबर जागी बसला.

"तीन अधिक चार आय," सर म्हणाले. "मॉड्युलस, म्हणजे मध्यापासूनचं अंतर, पाच लिहिलंय, बरोबर. कॉन्ज्युगेट तीन वजा चार आय, तेही बरोबर. आता कॉन्ज्युगेट म्हणजे आडव्या अक्षात पडलेलं प्रतिबिंब. बिंदू वर असेल तर कॉन्ज्युगेट खाली. यांचं कॉन्ज्युगेट गेलंय डावीकडे. आरसा आडवा ठेवायचा तो यांनी उभा ठेवलाय."

सर्वेअरनं कागदाकडे नीट पाहिलं. त्याला त्यात काही चूक दिसेना.

"हे पुढचं. वजा एक अधिक वर्गमूळ तीन आय. मॉड्युलस दोन, कोन एकशे वीस अंश. उत्तर सोन्यासारखं. बिंदू यायला हवा डावीकडे वर. यांचा उजवीकडे खाली आहे. या चित्रातून मोजला तर कोन येतो तीनशे तीस. चित्र काढून उत्तर तपासा, असं वर्कशीटवर मोठ्या अक्षरांत छापलंय. यांनी तपासलं असतं तर जुळलंच नसतं. मग एकशे वीस आलं कुठून?"

मतलब सगळ्यांना कळला होता. ज्याला साधा बिंदू मांडता येत नाही, त्याची उत्तरं बरोबर येतात, आणि घरात गणिताच्या मॅडम आहेत.

"मी उत्तरं दिली असं म्हणायचंय का तुम्हाला?" मॅडमनं शांतपणे विचारलं.

"मी काही म्हणत नाही. पण मी सही कशाच्या जोरावर करू?"

आता सर्वेअरला राग आला. चोरीचा आळ परवडला असता, पण हा आळ दुसराच होता. "साहेब, मला बिंदू मांडता येत नाही? अहो, त्यावरच भाकरी खातो मी. तुमच्या या इमारतीचे कोपरे मी मांडलेत."

"मग देव इमारतीचं रक्षण करो," काटकोन सर म्हणाले. "तुमची अंतरं सगळी बरोबर आहेत, तेवढं मान्य. प्रत्येक बिंदू मध्यापासून हवा तेवढाच लांब आहे. दिशाच चुकलीय."

दिशा चुकलीय, हे सर्वेअरला तोंडावर आजवर फक्त बायको म्हणाली होती, तेही लग्नाच्या वरातीत.

"नवीन गणित घाला," तो म्हणाला. "आत्ता. इथं. मॅडमना तिकडे तोंड करून उभं करा हवं तर."

मॅडम स्वतःहूनच भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या. सर्वेअरला हसू येत होतं, पण ती वेळ नव्हती.

काटकोन सरांनी कोऱ्या ग्राफ पेपरवर लिहिलं, 'वजा चार अधिक तीन आय'. सर्वेअरनं पेन्सिल घेतली. मॉड्युलस तोंडीच. "चाराचा वर्ग सोळा, तिनाचा नऊ, पंचवीस. मॉड्युलस पाच." मग कॅल्क्युलेटरवर तीन भागिले चार केलं, कोन काढला आणि पुटपुटला, "छत्तीस अंश बावन्न मिनिटं. एकशे ऐंशीतून वजा. एकशे त्रेचाळीस अंश आठ मिनिटं."

"थांबा," काटकोन सर म्हणाले. "बरोबर आहे. पण मिनिटं कशाला? वर्गात सगळे दशांशात लिहितात. एकशे त्रेचाळीस पूर्णांक एक तीन. आणि अर्धा वर्ग कॅल्क्युलेटर सांगेल तो उणे छत्तीस उतरवून मोकळा होतो. तुम्हाला एकशे ऐंशीतून वजा करायचं कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? दक्षिणेपासून पूर्वेकडे छत्तीस बावन्न. उत्तरेपासून मोजलं तर एकशे त्रेचाळीस आठ," सर्वेअर म्हणाला आणि त्यानं बिंदू मांडला. मध्यापासून चार घरं खाली, मग तीन घरं उजवीकडे.

भिंतीकडून आवाज आला. "दक्षिण?"

"मॅडम, तुम्ही बोलायचं नाही," काटकोन सर म्हणाले.

"गणितात नाही बोलत. भूगोलात बोलते. या कागदावर दक्षिण कुठून आली?"

सर्वेअर तिच्या पाठीकडे बघत राहिला. "खाली. दुसरीकडे कुठं असणार? कागदावर उत्तर वरच असते."

"आणि पहिला आकडा?"

"उत्तरेचा. आधी उत्तर, मग पूर्व. सगळ्या नोंदी तशाच असतात. एवढं तर शेंबडं पोरगंही..." तो मध्येच थांबला.

मॅडम वळल्या. हसू दाबल्यानं त्यांच्या नाकपुड्या फुगल्या होत्या, हे फक्त सर्वेअरलाच कळलं. "सर, तो कागद घेऊ का? पेन्सिल लावणार नाही."

त्यांनी तपासलेला ग्राफ पेपर घेतला. डावीकडचा खालचा कोपरा एका हातात, उजवीकडचा वरचा दुसऱ्या हातात धरून तो तसाच पालथा केला आणि खिडकीच्या काचेवर टेकवला. बाहेर अजून उजेड होता. पेन्सिलचे ठिपके मागून स्पष्ट दिसले. "आता तुमचं प्लास्टिक ठेवा."

काटकोन सर उठले. प्लास्टिक लावलं, थोडं सरकवलं. एकूण एक बिंदू बिंदूवर बसला. कॉन्ज्युगेट खाली गेलं होतं. एकशे वीस अंशाचा बिंदू डावीकडे वर.

"यांनी पहिल्या आकड्याचा अक्ष, रिअल, उभा धरला, उत्तर दिशा म्हणून," मॅडम म्हणाल्या. "आयचा, इमॅजिनरी, आडवा, पूर्व म्हणून. कोन आपण उजवीकडून वर मोजतो. हे वरून उजवीकडे मोजतात, दुर्बिणीवर मोजावा तसा. त्यांच्या चित्रात एकशे वीस एकशे वीसच येतात. तपासलंय त्यांनी. त्यांचं जुळलंय."

"पण मी फळ्यावर इतके दिवस काढतोय, तुम्हीही काढता..." काटकोन सर म्हणाले.

"चित्रं उतरवून घ्यायची नवशिक्यांनी," सर्वेअर खाली मान घालून म्हणाला. "मला वाटलं, बिंदू तर आपल्याला येतातच. चित्राच्या वेळी मी पेन्सिलला टोक करायचो."

"अक्षांना नावं का नाही दिली?"

"उत्तर वर असते हे कोण लिहितं, साहेब?"

काटकोन सर पुन्हा खुर्चीत बसले. या वेळी पाठ थोडी कललेली होती. "आळ मी मागे घेतो. मॅडम, माफ करा. पण सही अशी नाही करता येणार. परीक्षेतला परीक्षक कागद पालथा करून काचेवर लावणार नाही. रिअल आडवा, उजवीकडे. इमॅजिनरी उभा. सगळी चित्रं आत्ता माझ्यासमोर काढा. एक जरी चुकलं तरी सही नाही."

हे खरं संकट होतं. उत्तरं काढणं सोपं, हात बदलणं अवघड. सर्वेअरनं आधी अक्षांना नावं दिली, ठळक. मग एकेक बिंदू. तीनला हात वर निघाला, की तो मागे ओढायचा आणि उजवीकडे न्यायचा. डाव्या हातानं लिहिल्यासारखं होत होतं. मॅडम हातातल्या किल्ल्या वाजवत खिडकीतून बाहेर बघत होत्या, जणू सायकल स्टँडवर सिनेमा चाललाय.

शेवटचा राहिला, वजा चार अधिक तीन आय. पेन्सिल मध्यावर आली आणि सवयीनं खाली सरकली. एक घर. दोन घरं. काटकोन सर बघत होते. मॅडमच्या हातातल्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या. पेन्सिल तिथंच उभी राहिली, कागदाला न टेकता. सर्वेअरनं ती परत मध्यावर आणली. डावीकडे चार. वर तीन. ठिपका.

कोनमापक आडव्या अक्षावर ठेवून त्यानं स्वतःच मोजलं. एकशे त्रेचाळीस आणि थोडं.

काटकोन सरांनी प्लास्टिक ठेवलं, काढलं, पेन उघडलं. "सही करतो. फक्त ती आठ मिनिटं खोडून दशांशात लिहा. इथं मिनिटं कुणी लिहीत नाही."

"दशांशात लिहितो," सर्वेअर म्हणाला, "पण खोडत नाही. कंसात राहू द्या. आठ मिनिटं सोडली तर किलोमीटरवर दोन मीटरहून जास्त फरक पडतो. कुणाची तरी भिंत शेजाऱ्याच्या अंगणात जाते आणि शिव्या मला बसतात."

"या कागदावर किलोमीटर नाही हो."

"आज नाही," सर्वेअर म्हणाला.

सरांनी कंसासकट सही केली. जिन्यावर दोघं एकटीच होती, तरी फाटक अजून आलं नव्हतं, म्हणून मॅडम दोन पायऱ्या पुढे चालत होत्या.

"मॅडम," तो मागून म्हणाला, "पुढचा धडा कुठला?"

"विद्यार्थ्यांनी घाई करू नये," त्या मागे न बघता म्हणाल्या. "आणि चित्रं उतरवून घ्यावीत."

फाटकाबाहेर पाय पडला तशा त्या थांबल्या, त्याच्या खिशातून डोकावणारी पेन्सिल काढून त्यांनी आपल्या पर्समध्ये टाकली आणि मग मोकळेपणी, रस्त्यावरची माणसं वळून बघतील इतकं, हसल्या.