मुलुंडच्या खोलीतलं बाकडं

माझ्या धाकट्या जावेने, अबोलीने, दिवाळीत एक बाकडं घेतलं आणि माझ्या घरातला गुरुवार घाटकोपरला गेला.

गुरुवार म्हणजे सासूबाईंचं भजन. लग्न झाल्यापासून दर गुरुवारी मुलुंडच्या आमच्या एका खोलीत सतरंजीवर बसून सहाजणी टाळ कुटायच्या आणि मी आतून चहा पाठवायचे. मग एकेकीचे गुडघे गेले. दिवाण एकच, तोही बुटका, त्यावर दोघीच मावतात. अबोलीच्या घाटकोपरच्या हॉलमध्ये भिंतीलगत लांबलचक बाकडं आलं. वर गादी, आत पोकळ, झाकण उचललं की सगळा पसारा गडप. सासूबाई दर गुरुवारी सकाळीच तिकडे जाऊ लागल्या. परत आल्या की अबोलीने हे केलं, अबोलीने ते केलं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. पंधरा वर्षं यांचा हात धरून मी उठवतेय आणि कौतुक तिचं.

मी नवऱ्याला, यज्ञेशला सांगितलं, आपणही घ्यायचं, तिच्यापेक्षा भारी घ्यायचं. तो म्हणाला, "घे यार, पण खोलीत माणसं चालायला जागा ठेव." मी टेप घेऊन खिडकीखालची भिंत मोजली आणि सासूबाईंना घेऊन कुर्ल्याच्या फर्निचरच्या दुकानात गेले.

तिथे मला हवं ते पहिल्याच फेरीत दिसलं. मोरपंखी मखमलीचं, गुबगुबीत, बुटकं. बुटकं असलं की खोली मोठी दिसते, हे मी कुठेतरी वाचलं होतं. झाकण पूर्ण सुटं, उचलून बाजूला ठेवायचं. सासूबाई त्यावर बसल्या, खोल रुतल्या आणि सवयीने त्यांनी माझ्याकडे हात केला. मी ओढून उठवलं. खरं सांगते, बरं वाटलं. अबोलीला हे कुठे जमतंय.

पलीकडे साधं, तपकिरी, लांब बाकडं होतं. हे प्लायवूडचं आहे; भुशाच्या बोर्डाचं घेऊ नका, आपल्या दमट हवेत फुगतं, असं दुकानदार सांगत होता. झाकणाला आधाराचे दांडे होते, त्यामुळे ते वर टेकून राहायचं, धाडकन बोटांवर पडणार नव्हतं. बाकड्याची रुंदी कमी असल्याने चालायची वाट अडणार नव्हती. मी नाक मुरडलं. सासूबाई मात्र जाऊन बसल्या. गादी टणक, पाय पूर्ण जमिनीवर टेकलेले. आणि त्या उठल्या. कुणाकडेही हात न करता. परत बसल्या, परत उठल्या, आणि स्वतःशीच हसल्या.

"अबोलीकडे असंच आहे," त्या म्हणाल्या.

मग मला कळलं, त्या घाटकोपरला का जातात. अबोलीसाठी नाही, तिच्या चहासाठी नाही. तिथे उठायला कुणी लागत नाही, म्हणून. हे कळल्यावर मत्सर जायला हवा होता. तो उलट वाढला, आणि आता अबोलीचा नव्हे, त्या तपकिरी लाकडाचा. मी मखमलीवर बोट ठेवून ‘हेच’ म्हणाले असते तर सासूबाई एका शब्दाने बोलल्या नसत्या. माझ्या हाताशिवाय त्यांचं पान हलणार नाही असं घर मला तेवढ्यात मिळालं असतं.

"आई, मखमलीचं छान दिसेल खोलीत," मी म्हणालेच.

"घे की. खोली तुझी आहे."

त्यांनी हे अगदी सहज म्हटलं. मी त्यांना विचारलं, माझा हात धरायची लाज वाटते का. त्यांनी मखमलीवरून हात फिरवला.

"लाज नाही गं. तू फोडणी टाकून धावत येतेस ना, ते बघवत नाही."

मी तपकिरी बाकडं घेतलं. यज्ञेशने ते भिंतीपासून जरा पुढे ओढून लावलं, झाकण खिडकीच्या कठड्याला आपटू नये म्हणून. आत पाहुण्यांच्या गोधड्या आणि हिवाळ्याच्या रजया ठेवल्या. टाळ बाहेर शेल्फवरच राहिले. बसलेल्या बायकांना उठवून कोण काढणार.

पुढच्या गुरुवारी भजन आमच्याकडे झालं. चौघी बाकड्यावर, दोघी दिवाणावर. मी आत चहा टाकला होता. आरतीला सगळ्या उठायला लागल्या आणि मी सवयीने गॅस बारीक करून, हात पुसून दाराशी आले.

सासूबाई उभ्या होत्या, हातात आरती घेऊन. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

मला आनंद झाला, असं सगळ्यांना सांगते. पण त्या दिवसापासून स्वयंपाकघरात माझा एक कान बाहेर असतो, आणि हाक येत नाही.