दोन ओळींची वही

वही मीच शिकवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला विचारायला नको.

मी स्कूटरवर जेवणाची पार्सलं पोचवते. माझा धाकटा भाऊ टॅक्सी चालवतो, अॅपवर. लहानपणापासून कुणी हाक मारली की आधी भांग पाडायचा, म्हणून घरात त्याचं नाव साहेब. साहेबाची कमाई आज तीन हजार, तर उद्या गाडी पंक्चर म्हणून सातशे. चांगला दिवस गेला की हा घरी आइस्क्रीम आणायचा आणि वाईट दिवशी शेजाऱ्याकडे पाचशे मागायचा. शेवटी मी चिडले. म्हटलं, "अरे बाबा, चांगल्या दिवसाच्या जिवावर उड्या मारू नकोस. रोज लिही. अॅपचा आकडा एका ओळीत, रोख दुसऱ्या ओळीत, दोन्हींची बेरीज कर आणि खाली खर्च वजा कर. महिन्याची सरासरी काढ आणि तेवढ्यातच घर चालव."

मी स्वतः चार वर्षं अशीच लिहिते. एका पैशाचा घोळ नाही.

साहेबानं तीन महिने न चुकता लिहिलं, आणि त्याचा संसार मोडायला आला.

वहीप्रमाणे महिन्याला जेवढे उरायला हवेत, त्यापेक्षा बावीस-तेवीस हजार कमी भरत होते. बँकेतले धरले, फळीवरच्या डब्यातली रोख धरली, घरखर्च धरला, तरी खड्डा तसाच. घरात माणसं दोन. एक साहेब, दुसरी माझी भावजय. ती घरीच शिवणकाम करते, पँटी आखूड करणं, चेनी बदलणं असलं. पैसे गेले कुठे, असं त्यानं तिला विचारलं. ती म्हणाली, मला माहीत नाही. त्यानं पुन्हा विचारलं. मग मला फोन केला.

आणि मी काय म्हणाले? "तिच्या बहिणीचं घर चाललंय का रे तुझ्या पैशावर?" असं म्हणाले मी. जीभ झडली नाही माझी.

मागच्या गुरुवारी तर साहेबानं कमालच केली. वरच्या मजल्यावरच्या बाई पडदे द्यायला आल्या होत्या. त्यांच्यासमोर त्यानं भावजयीच्या शिलाई मशीनचा ड्रॉवर ओढून काढला. बॉबिनी, खडू, सुटे दोनशेवीस रुपये, बस्स. तिनं बॉबिनी गोळा करून ड्रॉवर परत लावला. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "सोमवारी मी मशीन घेऊन बहिणीकडे जाते. तिथेच काम करीन."

शनिवारी दुपारी साहेबानं मला गॅसच्या पंपावर बोलावलं. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती, तासभर तरी हलायचं नव्हतं. मी बाजूच्या सीटवर बसले. त्याला माझ्याकडून पुरावा हवा होता. "ताई, तू हिशेबात पक्की आहेस. तारीखवार काढून दे. म्हणजे सोमवारी जाण्याआधी तिच्यासमोर ठेवतो."

"आण," म्हटलं मी. मलाही तेच हवं होतं.

"आणि गंमत बघ," तो म्हणाला, "धंदा जोरात झाला की जास्त जातात. मंदीत कमी. तिलाही बरोब्बर कळतं कधी हात मारायचा."

वहीतला बुधवार उघडला. अॅप दोन हजार तीनशे पन्नास. रोख नऊशे पन्नास. बेरीज तीन हजार तीनशे. गॅस सहाशे चाळीस, पार्किंग साठ, चहा-जेवण एकशेवीस. शिल्लक दोन हजार चारशे ऐंशी. अक्षर सुंदर, बेरीज बिनचूक.

"आता फोनमधला बुधवार दाखव. अॅपचा."

त्यानं दाखवला. कंपनीचं कमिशन कापून कमाई दोन हजार तीनशे पन्नास. जुळलं. सवयीनं मी बोटानं खाली सरकवलं. तिथं बारीक अक्षरांत होतं: यापैकी रोख मिळाली, नऊशे पन्नास. बँकेत जमा, चौदाशे.

यापैकी.

मी मंगळवार उघडायला लावला. सोमवार. मागचा शनिवार, त्या दिवशी रोख सतराशे होती. प्रत्येक दिवशी तेच. गिऱ्हाइकानं त्याच्या हातात ठेवलेली रोख अॅपच्या आकड्यात आधीच धरलेली होती. ती तो खाली पुन्हा लिहीत होता आणि वर मिळवत होता. धंदा जोरात झाला की रोख जास्त, म्हणून खड्डाही मोठा. कुणी काही घेतलं नव्हतं. घ्यायला ते पैसे मुळात नव्हतेच.

आणि घोळ माझाच होता. कारण माझ्या वहीत ती बेरीज बरोबर असते! पार्सलाची रोख मी त्याच संध्याकाळी कंपनीत भरते, ती मी लिहीतच नाही. मी रोख म्हणून लिहिते ती बक्षिशी. लोक खुशीनं वीस-तीस हातात ठेवतात, त्याचा अॅपला पत्ता नसतो. म्हणून माझ्या दोन ओळी. त्याची कमाई वेगळी येते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. शहाणपणा तेवढा शिकवला.

साहेबाला समजायला दोन गाड्या पुढे सरकेपर्यंत वेळ लागला. समजल्यावर गाडी पुढे घ्यायचंच तो विसरला. मागचा हॉर्न वाजवत होता.

"ताई, तूच सांग ना तिला," तो म्हणाला.

"का? मी माझं सांगेन. ड्रॉवर तू उघडलास ना? मग तोंडही तूच उघड. आणि त्या वरच्या बाईंना बोलावून."

घरी गेलो तेव्हा भावजय पडद्यांची दुमड घालत होती. बाईंना मीच जिना चढून घेऊन आले. साहेबानं सगळं सांगितलं, वही दाखवली, फोन दाखवला. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "चुकलो मी." मी म्हणाले, "शिकवलं मी. आणि तुझ्या बहिणीचं नावही मीच काढलं. मला माफ कर."

बाई "चला, मिटलं एकदाचं" म्हणून वर निघून गेल्या. भावजयीनं मशीन थांबवली. वही हातात घेऊन तिनं बुधवारचं पान नीट वाचलं.

"ताई, एक विचारू?" ती म्हणाली. "ही चूक तुम्हाला सापडली म्हणून मी खरी ठरले. सापडली नसती तर?"

 

सोमवारी ती गेलीच. साहेबानं मशीन स्वतः उचलून डिकीत घातली. मी मागे मशीनच्या टेबलाचे पाय धरून बसले.  तिच्या बहिणीच्या दारात मशीन उतरवल्यावर भावजयीनं पर्स उघडली आणि एकशे चाळीस मोजून साहेबासमोर धरले. अॅप तेवढ्या अंतराला तेवढंच भाडं दाखवतं.

"अगं, हे काय? तुझ्याकडून मी भाडं घेऊ?"

"घ्या. पुन्हा कुठे कमी पडलं तर माझ्यावर नको," ती म्हणाली. "आणि वहीत लिहा. एकदाच लिहा."

साहेबानं तिथंच, बॉनेटवर वही टेकवून लिहिलं. रोख, एकशे चाळीस. ती दाराशी उभी राहून तो लिहिताना बघत होती. मग आत गेली.