कडेवरचं ऊन

"हात थांबवू नको. थांबला की कड उमटती, आन् कड दिसली की बघणाऱ्याला कळतं, हितं कुणीतरी हात घातलाय."

आमच्या मालकांचं हे सांगणं. लोहाऱ्यात तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत आमचा फोटोचा स्टुडिओ आहे. पुढं पडदा लावलेली खोली, मागं अंधारखोली. मालक, म्हणजे माझे यजमान शांतलिंगअप्पा, होते तोवर फोटो काढणं आणि धुणं दोन्ही तेच करायचे. मी पाणी द्यायची, प्रिंटा वाळत घालायची, आणि बघत बघत शिकले. ते गेले तेव्हापासून धाकटे दीर सिद्धेश्वर फोटो काढतात आणि अंधारखोली माझ्याकडं आहे.

सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय मी पाण्याचा घोट घेत नाही. नंतर स्वयंपाक, नंतर अंधारखोली. तिथं घड्याळ नाही. कागदावर उजेड किती वेळ सोडायचा ते मी 'ॐ नमः शिवाय' म्हणत मोजते. मालक हसायचे. म्हणायचे, "तुझ्या फोटोला पुण्य लागतंय, गिऱ्हाइकाकडून जादा घ्यायला पायजे."

त्या वर्षी दिवाळीच्या आधी सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा समारंभ होता. चेअरमन आबारावांना कचेरीत लावायला मोठा फोटो हवा होता, बहात्तरच्या दुष्काळातला. तलावाच्या कामावर सोसायटीनं मजुरांना खायला सुकडी वाटली होती, त्या दिवशी मालकांनी काढलेला. निगेटिव्ह आमच्याकडं पत्र्याच्या डब्यात होती. पुढं आबाराव आणि दोन पंच, हातात सुकडीची परात. मागं ताडपत्रीच्या सावलीत कामावरच्या बाया.

सिद्धेश्वर म्हणाले, "वैनी, चेअरमनसाहेब तेवढे ठळक करा. टोपी अशी दिसली पायजे, की लाइट गेली तरी कचेरीत काम चालावं."

मी तसं केलं. हे काम अवघड नाही, पण सबुरीचं आहे. आधी सगळ्या कागदावर सारखा उजेड सोडायचा. त्यात चेहऱ्यावर तारेला चिकटवलेली काळ्या कागदाची टिकली थोडा वेळ हलवत धरायची, म्हणजे तिथं उजेड कमी पडतो आणि चेहरा उजळ निघतो. अंधारखोलीचा न्याय उलटाच. ज्याला झाकावं तो उजळतो. मग फाटक्या कडांचा पुठ्ठा मधल्या माणसांवर धरून कडेला जादा उजेड द्यायचा. कडा हळूहळू काळवंडतात आणि डोळा आपोआप मध्ये येतो. पुठ्ठा कागदाच्या फार जवळ न्यायचा नाही, वर धरून हलता ठेवायचा. म्हणजे अंधार कुठं सुरू झाला ते कळत नाही.

फोटो सगळ्यांना आवडला. मागच्या बाया अंधारात गेल्या, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

दिवाळी झाली आणि एका दुपारी एक म्हातारी पायरीवर येऊन बसली. पायात काही नव्हतं, डोळ्यांवर हाताचा आडोसा.

"सोसायटीतला फोटू तुमीच केला का?"

"व्हय मावशी. काय झालं?"

"त्यात माजी लेक हाय. बनी. अंधारात हुबी हाय, पर हाय."

तिचं नाव दगडाबाई. खताच्या पोत्यांसाठी सोसायटीत गेलेल्या शेजाऱ्याबरोबर गेली होती, आणि भिंतीवरच्या काळोखात तिला लेक दिसली. मी विचारलं, "एवढ्या काळ्यात ओळखली कशी?"

"आगं, पोटची हाय. मान वाकडी करून हुबी राह्यची, सारं जग उसनं मागाया आल्यागत."

बनाबाई त्याच कामावर, त्याच उन्हाळ्यात उलट्या-जुलाबानं गेली. तिची तान्ही पोर दगडाबाईनं वाढवली. धुरपदा, आता नऊ वर्षांची. तिला आईचं तोंड आठवत नव्हतं. घरात फोटो कुठला असायला.

"रोज इचारती, माजी आय कशी व्हती. म्या काय सांगू? नाक सांगितलं, डोळं सांगितलं. तोंड सांगता येत न्हाय बाई. आन् माजं डोळं आता चाल्लं. दिसतंय तवर मला बघू दे, हीच हाय म्हणून पोरीला सांगू दे. मग गेलं तर गेलं."

मी म्हणाले, "करून देते मावशी. पोरीच्या हातात पडेल असं करून देते."

सिद्धेश्वर आतून म्हणाले, "वैनी, मागं काय न्हाय त्या निगेटिव्हला. नुसती काच हाय." त्यांचं खोटं नव्हतं. सावलीतला चेहरा निगेटिव्हवर फार पातळ होता. साधा छापला तर काळाभोर. टिकली जास्त वेळ धरली तर उजळायचा, पण चुलीतल्या राखेसारखा. ना डोळा, ना ओठ. सिद्धेश्वर म्हणाले ब्रशनं डोळे काढा, तिला काय कळतंय. मी ब्रश बाजूला सारला. शेवटी मालकांनी ठेवलेला कडक कागद काढला. त्यावर काळं-पांढरं झगडून वेगळं होतं. त्या पातळ चेहऱ्यातून भुवई निघाली, मग नाकाची बाजू, मग ओठ जरा उघडे, बोलता बोलता थांबल्यासारखे.

एक अडचण होती. बनाबाईच्या कमरेपाशी एक पांढराफेक ठिपका होता. ताडपत्रीच्या भोकातून आलेलं ऊन एखाद्या फडक्यावर पडलं असावं. डोळा पहिल्यांदा तिथंच जायचा. मालकांचा नियम होता, ज्याचा फोटो त्याच्याहून उजळ दुसरं काही ठेवायचं नाही. म्हणून पुठ्ठ्याच्या भोकातून त्या ठिपक्यावर जादा उजेड दिला आणि तो बुजवला. आबारावांना आणि पंचांना कडेच्या अंधारात सोडलं. मध्ये राहिलं फक्त बनाबाईचं तोंड. मला वाटलं, मालक असते तर मान हलवली असती.

दगडाबाई आली. मी तिला खिडकीपाशी उन्हात बसवलं. तिनं फोटो नाकाला लावला, मग लांब धरला, परत जवळ आणला. बोट चेहऱ्याभोवती फिरवलं, चेहऱ्याला शिवली नाही.

"बनीच हाय," ती म्हणाली. "आली गं बाय माजी."

मी पदर डोळ्याला लावला. तेवढ्यात तिचं बोट खाली सरकलं, कमरेपाशी, आणि तिथंच घोटाळत राहिलं.

"पोर कुठाय?"

"कुठली पोर, मावशी?"

"धुरपदा. कडंवर व्हती की! फोटूवाले आप्पा म्हनले, पोरगी हालाया लागली, जरा थोपटा. म्या बाजूलाच हुबी व्हते, परातीपाशी. बनीनं तिचा पाय हातात धरला मंग ती गप झाली. सोसायटीतल्या फोटूत पांढरं कायतरी दिसत व्हतं बग तितं. त्यो तिचा पाय."

मी निगेटिव्ह उजेडाला धरून पाहिली. भिंग लावून पाहिली. फडक्याच्या टोकातून बोटं निघालेली. भोकातून आलेलं ऊन बरोबर त्या इवल्या पावलावर पडलं होतं, आणि त्याभोवती आईची मूठ.

मी तिला काय सांगणार? ते ऊन डोळ्याला खुपत होतं म्हणून बुजवलं, असं? मी एवढंच म्हणाले, "चुकलं माझं. परत करते."

"रागं नगं भरू बाई," दगडाबाई उलट मलाच समजावू लागली. "पर तिला तेवढंच पायजे गं. जळकोटला तिच्या बापाच्या घरची म्हणत्यात, तुजी आय तुला बांधावर टाकून पैसं कमवाया गेली आन् मेली. पोरगी कायबी बोलत न्हाय. पर ऐकती."

दुसरी प्रिंट करायला बसले तेव्हा मालकांचा नियम बाजूला ठेवावा लागला. पाऊल बुजवायचं नव्हतं, पण तसंच ठेवलं तर नुसता पांढरा डाग. म्हणून त्याला थोडाच जादा उजेड दिला, बोटं उमटण्यापुरता. मुठीवरची सावली टिकलीनं हलकी केली. चेहऱ्याला आधीइतकंच झाकलं. कडेच्या अंधाराच्या आतला उजेडाचा घेर वाढवला, म्हणजे दोघी त्यात मावल्या. तीन कागद वाया गेले. चौथा औषधाच्या पाण्यात टाकला आणि आधी पाऊल वर आलं, मग मूठ, मग सगळ्यात शेवटी तोंड. वाळल्यावर पाहिलं तर डोळा पहिल्यांदा पावलावरच जात होता. तिथून मुठीवर, आणि मग हळूच वर. मी तो तसाच ठेवला.

दगडाबाई आली नाही. पंधरा दिवस गेले, महिना गेला. गाव कोणतं ते मी विचारलंच नव्हतं. रोज पूजेच्या वेळी तिचं नाव घ्यायची, तेवढंच हातात होतं.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी ती आली. शेजारीण कमलबाईनं दंडाला धरून आणली होती. पायरी चढताना तिचा पाय हवेत चाचपडला, आणि मला कळलं.

"संक्रांतीच्या आदीच गेलं डोळं," कमलबाई म्हणाली. "आणाया कुणी नव्हतं. आज माजं तहसिलात काम निगालं."

"झाला का गं फोटू?" दगडाबाईनं विचारलं. "पोर हाय का आता?"

मी फोटो तिच्या मांडीवर ठेवला. तिचं बोट धरून आधी पावलावर नेलं. "ही धुरपदाची बोटं. ही तुमच्या बनीची मूठ. आता वर. ही हनुवटी. मान वाकडीच आहे."

"वाकडीच असंल," ती म्हणाली आणि हसली. गुळगुळीत कागदावर तिचं बोट बराच वेळ तसंच राहिलं. त्याला काही लागणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

"पोरीला आणलं नाहीत?"

दगडाबाईनं तोंड फिरवलं. कमलबाईनं सांगितलं. डोळे गेल्यावर बाप आला, व्यंकट, आणि पोरीला जळकोटला घेऊन गेला. आंधळीपाशी पोर कशी ठेवायची म्हणाला. खरं तर नव्या बायकोची दोन लेकरं सांभाळायला कुणीतरी हवं होतं.

"जाताना मला म्हनली," दगडाबाई बोलली, "'आज्जे, फोटू कवा दावणार?' म्या म्हनलं, बाई देणार हाय. तुज्या हातात देणार हाय." तिनं फोटो माझ्याकडं सरकवला. अंदाजानं, जरा बाजूला. "म्या आता काय दावू."

मला जोरात बोलता येत नाही. आमच्या घरी सगळे म्हणतात, हिचं बोलणं चुलीपर्यंतच. परक्या गावात, परक्याच्या दारात उभं राहून, तुमच्या घरात सांगतात ते खोटं आहे असं मी कुणाला सांगणार? सिद्धेश्वर म्हणाले, "पोष्टानं धाडा वैनी. नायतर म्या पुढच्या आठवड्यात लग्नाच्या ऑर्डरीला जाणार हाय त्या बाजूला, टाकतो देऊन." पण मग तो फोटो बापाच्या हातात पडला असता. पोरीच्या हातात पडेल, असं मी म्हणाले होते.

शिवरात्रीची पूजा मी पहाटेच आटोपली. उपास होता, तेव्हा डबा बांधायचं काम नव्हतं. फोटो दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवला, वरून धुतलेल्या पंच्याचं फडकं गुंडाळलं. सिद्धेश्वर अजून उठले नव्हते. दार ओढून घेतलं आणि स्टँडकडं निघाले.

जळकोटची गाडी लागली होती. कंडक्टरनं विचारलं, "कुठं, मावशी?"

पहिल्यांदा त्याला ऐकू गेलं नाही. मी परत सांगितलं, जरा मोठ्यानं.