सात नंबरची हवा

सकाळचे पावणेसहा. शाळेच्या बसगाड्यांच्या आवारात अठरा गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि सात नंबरच्या गाडीची चालक हातात पाटी घेऊन आपल्या गाडीभोवती फिरत होती. पाटीवर तपासणीचा कागद होता. त्यात प्रत्येक गोष्टीपुढे तीन रकाने: ‘ठीक’, ‘दोष आहे, गाडी चालेल’ आणि ‘नापास, गाडी हलवायची नाही’. आवारात तिला सगळे ताई म्हणत. तिच्या मागे मात्र ‘परीक्षक’ म्हणत, कारण बाकीचे जे काम दहा मिनिटांत उरकत त्याला ती पंचवीस मिनिटं लावायची. तिलाही ते नाव ठाऊक होतं. तिचं त्यावर एकच उत्तर असायचं, “पोरं माझ्या मागे बसतात, तुमच्या नाही.”

पुढच्या टायरची नक्षी तिने मापाच्या पट्टीने पाहिली. पुढे तीन मिलिमीटरच्या वर हवी, पाच भरली. मागच्यांना दीडच्या वर चालते. चाकांचे नट हाताने चाचपले. लाल-पिवळे दिवे लावून ती खाली उतरली आणि गाडीला पुढून-मागून फेरी मारून आली. थांब्याची पाटी बाहेर आली, आत गेली. मागचं संकटकाळी उघडायचं दार आतून उघडलं, बाहेरून उघडलं. दोन्ही वेळा आत भोंगा वाजला. तो वाजला नसता तर गाडी तिथेच नापास. आग विझवायच्या नळकांड्याचा काटा हिरव्यात होता. अकराव्या बाकाचं कापड शिवणीत उसवलं होतं. तिने मधल्या रकान्यात खूण केली. उसवलेल्या कापडाने कुणी मरत नाही.

मग ती चालकाच्या जागेवर बसली. शेवटी राहिली होती हवा.

या गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. चाकांना आधीच लाकडी ठोकळे लावले होते. तिने इंजिन चालू करून दाब पूर्ण चढू दिला, एकशे वीस पौंडांपर्यंत. इंजिन बंद केलं, चावी तशीच ठेवली, हातब्रेक सोडला. मग पायाखालचा ब्रेक घट्ट दाबला. काटा आधी एकदम उतरतो, तो मोजायचा नसतो. तो एकशे अठरावर स्थिरावला तेव्हा तिने घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट पाय हलवायचा नाही. मिनिटभरात तीन पौंडांपर्यंत उतरला तर ठीक. त्याहून जास्त उतरला तर नापास.

काटा एकशे बारावर आला.

तिने दाब पुन्हा चढवला आणि पुन्हा मोजलं. पुन्हा सहा पौंड.

खरं तर आदल्या दिवशी दुपारच्या फेरीच्या चालकानेही गाडीच्या नोंदवहीत लिहिलं होतं, ‘ब्रेक दाबला की हवा उतरते.’ आणि त्याखाली संध्याकाळची नोंद होती, ‘तपासले, गळती नाही.’ खाली सही. ती सही तिला लहानपणापासून ओळखीची होती. तिच्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकावर वडील गावाला गेले होते म्हणून तीच सही झाली होती. आवाराचा मुख्य मेकॅनिक, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, तो तिचा थोरला भाऊ होता.

ती दुरुस्तीच्या शेडच्या दारात गेली. दादा टेबलावर पाने-पक्कड मांडत होता.

“दादा, सात नंबर हवा सोडतेय.”

त्याने वर पाहिलं नाही.

ती समोर जाऊन उभी राहिली. “दादा! सात नंबर. सहा पौंड जातात.”

“काल बघितली की मी. काही नाही त्यात. तुझं घड्याळ हळू चालत असेल, चिमे.”

“घड्याळ ठीक आहे. चल, बघ.”

तो आला. नेहमीची काठी आणली, तिचं एक टोक बाकाला आणि दुसरं ब्रेकला टेकवून ब्रेक दाबून धरला, आणि दोघं गाडीखाली सरपटली. आवार अजून शांत होतं. डावीकडच्या मागच्या चाकाजवळ तिला स्पष्ट ऐकू आलं. दातांतून वारा काढावा तसं, बारीक, न थांबणारं.

“हे बघ. इथेच.”

दादाने डोकं त्या बाजूला नेलं. कान चाकाजवळच्या ब्रेकच्या डब्याला जवळजवळ लावला. मग तिच्याकडे वळला, आणि तिच्या लक्षात आलं की तो तिच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे पाहतोय.

“कुठे? काही नाही,” तो म्हणाला.

ती बाहेर आली, बादलीत साबणाचं पाणी कालवलं आणि ब्रश घेऊन परत आत गेली. डब्याच्या जोडावर ब्रश फिरवताच तिथे फेस उठला. बुडबुडे फुगले, फुटले, पुन्हा फुगले.

दादा ते बघत राहिला.

“आतला रबरी पडदा फाटलाय,” थोड्या वेळाने तो म्हणाला. मेकॅनिक तो चांगलाच होता.

“कधीपासून?”

“पडदा? काल-परवापासून असेल.”

“पडदा नाही, दादा.”

गाडीखालून बाहेर येऊन तो चाकाला टेकून बसला. हात पुसायच्या फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “वर्ष झालं असेल. आधी पाखरं गेली. मग घड्याळाची टिकटिक. तुझी वहिनी म्हणते टीव्हीचा आवाज कमी करा, मी म्हणतो तुझाच आवाज वाढलाय.” तो हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. “जाड आवाज येतात गं. हे असले बारीक नाही येत.”

“आणि तू कानाने तपासून सही करतोस.”

“तीस वर्षं कानानेच केली. काट्याकडे बघायची मला गरजच पडली नाही कधी.”

एवढ्यात आवाराच्या प्रमुखबाई लगबगीने आल्या. त्यांच्या हातात दोन फोन होते आणि दोन्ही वाजत होते. “ताई, अजून निघाली नाहीस? आज शाळेत परीक्षा आहे, एक्केचाळीस मुलं थांब्यावर उभी राहतील!”

“सात नंबर नापास आहे.”

“उस्ताद, काल तुम्हीच सही केलीत ना? एका फेरीपुरती जाऊ दे ना. सपाट रस्ता आहे.”

सपाटच होता. शाळेच्या अलीकडचा एक उतार सोडला तर. ताईने भावाकडे पाहिलं. त्याने म्हटलं असतं, ‘जाऊ दे, काही होत नाही’, तर त्याच्या शब्दाला तिथे वजन होतं. तो पायांकडे बघत होता.

“बाई, कागद असं विचारत नाही की रस्ता सपाट आहे का,” ताई म्हणाली. तिने तिसऱ्या रकान्यात खूण केली, कारण लिहिलं, ‘मागील डावा ब्रेक, मिनिटाला सहा पौंड गळती’, सही केली, चावी प्रमुखबाईंच्या हातात दिली आणि ‘हलवू नये’ अशी लाल चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून आली.

राखीव गाडी एकच होती, आणि तिचीही तपासणी पहिल्यापासून करावी लागणार होती. प्रमुखबाई कपाळावर हात मारून शाळेला फोन करायला गेल्या.

दादा हळूच म्हणाला, “गाडीचं लिहिलंस ते बरोबर लिहिलंस. कानाचं नको लिहू.”

“कानाला रकाना नाही कागदात.”

“मग झालं तर.”

“झालं नाही, दादा. अठरा गाड्यांवर तुझी सही आहे.” “दुपारपर्यंत तू जाऊन सांग. नाहीतर मला सांगावं लागेल.”

“तू मला सांगणार? तुला मी सायकल शिकवली, गाडी शिकवली, इथे चिकटवली मी.”

“म्हणूनच.”

तो उठला आणि शेडमध्ये गेला. त्याच्या पाठीकडे बघताना तिला वाटलं, आत्ता मागून हाक मारली तरी याला ऐकू जाणार नाही.

राखीव गाडी सगळ्यात पास झाली. काटा मिनिटभरात एकच पौंड उतरला. ताई पन्नास मिनिटं उशिरा निघाली. पहिल्या थांब्यावर एका आजोबांनी तिला चार शब्द सुनावले आणि तिने ते ऐकून घेतले. मागच्या बाकावरची एक मुलगी रडत होती, पेपर बुडणार म्हणून. शाळेने परीक्षा तासभर पुढे ढकलली होती, हे ताईला पोहोचल्यावर कळलं. उतारावर तिने ब्रेक नेहमीपेक्षा आधीच दाबला, एवढंच.

साडेनऊला ती परत आली तेव्हा दादा बारा नंबरच्या गाडीखाली होता. बाजूला साबणाची बादली, वर ब्रेक दाबून एक चालक बसलेला, आणि दादा त्याला ओरडून विचारत होता, “काटा सांग! आकडा बोटांनी दाखव!” चालकाने दोन बोटं दाखवली. दादाने हातातल्या यादीवर खूण केली. रिकाम्या असलेल्या सगळ्या गाड्या तो अशा बघत होता. सोमवारी त्यानेच पास केलेल्या नऊ नंबरला पाच पौंड गळती निघाली. तिलाही लाल चिठ्ठी लागली.

ते झाल्यावर त्याने हात धुतले, शर्ट खोचला आणि प्रमुखबाईंच्या खोलीत गेला. दार बंद झालं. आतून त्याचाच आवाज मोठा येत होता. त्याला तो कळत नव्हता. “मला ऐकू येत नाही, बाई. वर्षभर लपवलं.” बाहेर उभ्या असलेल्या चालकांनी माना खाली घातल्या. त्याला उस्ताद म्हणणारेच होते सगळे.

त्याची नोकरी गेली नाही. सहीचा अधिकार मात्र गेला. तो अधिकार धाकट्या मेकॅनिककडे आला, ज्याला दादानेच पाना धरायला शिकवलं होतं. दादाकडे टायर, दिवे आणि बाकांची कापडं राहिली. आणि नियमात एक ओळ वाढली: हवेची गळती कानाने नाही, काट्याने आणि साबणाने तपासायची, दोघांनी मिळून.

तो बहिणीशी बोलेना. सकाळी ती आली की तो दुसऱ्या गाडीकडे वळायचा. वहिनी फोनवर म्हणाली, “घरातही तसंच आहे. तुझं नाव निघालं की उठून जातात. रागाने नाही गं, लाजेने.” ताई रोज पंचवीस मिनिटं आपली गाडी तपासायची. हवेचं मिनिट तिला आता फार लांब वाटायचं.

महिना होत आला असेल. एका दुपारी ती गाडी लावून उतरली तेव्हा तो दाराशी उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

“तुला वेळ आहे का?”

“आहे. का?”

“कानाच्या डॉक्टरकडे जायचंय. मागच्या आठवड्यात एकटा गेलो होतो.” तो अडखळला. “तिथे बाहेर बसवतात आणि आतून नाव पुकारतात. दोन तास बसलो. पुकारलं असेल त्यांनी. मला कळलंच नाही. घरी आलो.”

ताईने पाटी बाकावर ठेवली. ती त्याच्या बाजूने चालू लागली. फाटकाशी आल्यावर तिला आठवलं आणि ती त्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली. उजव्या कानाने त्याला थोडं बरं ऐकू यायचं.

“डॉक्टरचं वहिनीला सांगितलंस?” तिने हळूच विचारलं.

“हळू का बोलतेस? मोठ्याने बोल,” तो म्हणाला. “आता सगळ्यांना माहीत आहे.”