वगळलेली एक फाइल

तर फिनलंडमधल्या टाम्परेच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत जानेवारी उजाडला की रीक्काचं एक काम ठरलेलं. कोडच्या शेकडो फाइल्स, प्रत्येकीच्या माथ्यावर कॉपीराइटची ओळ, कंपनीचं नाव आणि '२०१८-२०२४'. सुरुवातीचं साल तसंच ठेवायचं, शेवटचं बदलायचं. आणि 'व्हेंडर' फोल्डरला हात लावायचा नाही, कारण तिथला कोड दुसऱ्यांचा, आपण नुसता आणून ठेवलेला. सहा वर्षं रीक्काच करायची हे. आणि यंदा मार्केटाने, म्हणजे तिच्या बॉसने, ते दिलं कुणाला? तूरेला! ऑक्टोबरमध्ये आलेल्या तूरेला!

वर मार्केटा म्हणाली, "रीक्का, तू फक्त तपास हं. नवी आवृत्ती कुणी सांभाळायची ते शुक्रवारी ठरवते."

रीक्का फणफणलीच! तिने तूरेचा बदल उघडला आणि ओळ न ओळ चाळली. व्हेंडर वगळलेलं. सालं बरोबर. मेला चुकतच नव्हता! आणि मग सापडली! 'सोर्स' फोल्डरमधली, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या कोडमधली एक फाइल, माथ्यावर कंपनीचंच नाव, साल मात्र २०२४. तूरेने चक्क वगळण्याच्या यादीत टाकलेली.

तिने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "ही फाइल राहिली. इतकी साधी गोष्ट नजरेतून सुटते?"

आणि मिटक्या मारत कॉफी आणायला गेली.

परत येते तर तूरे टेबलापाशी उभा. हळूच म्हणाला, "अगं, ती आपली नाहीये. एकदा तळाशी बघ ना."

तिने बघितलं. चारशे ओळींच्या खाली कॉपीराइट म्हणून एका आइसलँडच्या माणसाचं नाव, आणि 'ही सूचना काढू नये.' फाइल व्हेंडरमध्ये न ठेवता सोर्समध्ये कुणी आणली? फाइलच्या बदलांचा इतिहास उघडला. रीक्काने. २०१८ मध्ये. आणि ज्या फाइलच्या माथ्यावर काही नाही तिच्यावर आपोआप कंपनीचं नाव डकवणारी स्क्रिप्ट, तो छोटा प्रोग्रॅम, कुणाचा? तोही रीक्काचाच! दुसऱ्याच्या कोडवर सहा वर्षं आपलं नाव, दर जानेवारीला ताजं करून!

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, तुला एकटीला सांगावं. तेवढ्यात तुझी कॉमेंट आली."

"निदान खडूस तरी असायचास रे!" रीक्का चिडून म्हणाली. तो हसला, तर आणखीच राग आला.

कॉमेंट पुसता आली असती. पण सगळ्यांनी वाचली होती, आणि खाली खरं लिहिल्याशिवाय दोष तूरेच्याच माथी राहिला असता. तिने खुर्ची ओढली. फाइलच्या माथ्यावरून कंपनीचं नाव काढलं, आइसलँडवाल्याची सूचना तळातून वर आणली, फाइल व्हेंडरमध्ये हलवली. आणि कॉमेंटखाली लिहिलं, "सुटली होती माझ्याच नजरेतून, २०१८ पासून. तूरेचं बरोबर आहे."

शुक्रवारी नवी आवृत्ती तूरेला मिळाली. रीक्काने टाळ्या वाजवल्या, आणि दालचिनीच्या बनांच्या ताटातला सगळ्यात मोठा बन त्याचा हात पोचायच्या आत उचलला.